कोयत्याचा हिशेब मोबाईलच्या पानावर

दसरा झाला की नेकनूर आणि आसपासच्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडावर ही मंडळी पाच-सहा महिने राहतात. घरी म्हातारी माणसे व शाळा-कॉलेजात शिकणारी मुले मागे उरतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी कारखान्याचा पट्टा पडतो, माणसे परत येतात आणि मुकादमाच्या वहीवर हिशेब होतो. पुष्कळ घरांत त्या दिवशी एकच वाक्य ऐकू येते, "अजून फिरलं नाही." म्हणजे उचल फिटली नाही, बाकी राहिली. ती किती राहिली आणि कशामुळे राहिली हे मात्र घरात कोणालाच सांगता येत नाही, कारण हिशेबाची वही एकच असते व ती आपल्याकडे नसते.

आज बहुतेक घरांत एक तरी मोबाईल आहे. त्यात गूगल शीट्स नावाचे ॲप विनामूल्य मिळते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार एवढ्यावरच त्यात एका कोयत्याचा संपूर्ण हिशेब कसा ठेवता येतो, ते प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. घरातील आठवी-नववीतला विद्यार्थीही हे काम करू शकेल.

आधी हिशेबातली चार नावे

नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादमाकडून जी रक्कम आगाऊ घेतली जाते ती उचल. फडावर असताना बाजारहाटासाठी आठवड्याला किंवा पंधरवड्याला जे पैसे मिळतात ती खर्ची. ही खर्ची वेगळी मिळकत नसून तीही आपल्याच नावे लिहिली जाते, हे लक्षात ठेवावे. आजारपणाने किंवा अन्य कारणाने कामावर न गेल्यास तो खाडा. अनेक टोळ्यांत खाड्याचा ठरावीक दंड कापला जातो.

जमेच्या बाजूला एकच गोष्ट असते, ती म्हणजे तोडलेल्या उसाचे टन. गाडी कारखान्याच्या काट्यावर जाते, वजनाची पावती निघते आणि ते वजन टोळीतील कोयत्यांवर वाटले जाते. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ व कामगार संघटना यांच्यात जो करार झाला त्यात 34 टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला 366 रुपयांवर गेला. गाडीच्या प्रकारानुसार व पुढील करारानुसार दर वेगळा असू शकतो. आपण उदाहरणापुरता 366 हाच दर धरू. प्रत्येकाने आपल्या टोळीला ठरलेला दर विचारून लिहावा.

उचल घेण्यापूर्वीचा एक भागाकार

पान मांडण्याआधी एक हिशेब करून पाहावा. समजा एका कोयत्याने 80,000 रुपये उचल घेतली. या रकमेला दराने भागले की ती किती टनांची आहे हे कळते. शीटच्या कोणत्याही रिकाम्या चौकटीत पुढील सूत्र लिहावे.

```
=80000/366
```

उत्तर 218.58 येते. म्हणजे उचल फेडण्यासाठी त्या जोडप्याच्या वाट्याला सुमारे 219 टन ऊस यावा लागेल, तोही खर्ची न घेता आणि एकही खाडा न होता. ज्या टोळीत महिन्याला एका कोयत्याच्या वाट्याला 46-47 टन पडतात, तेथे एवढ्या टनांना पावणेपाच महिने लागतात. खर्ची तर घ्यावीच लागते. तेव्हा ही उचल एका हंगामात फिटणार नाही हे हंगाम सुरू होण्यापूर्वीच दिसते. रुपयांत मोठी किंवा लहान वाटणारी रक्कम टनांत लिहिली की तिचे खरे वजन कळते.

पानाची मांडणी

ॲप उघडून उजवीकडील खालच्या `+` या खुणेवर दाबावे व नवीन शीट घ्यावे. पानावर उभे रकाने असतात, त्यांना A, B, C अशी नावे असतात. आडव्या ओळींना 1, 2, 3 असे क्रमांक असतात. रकाना व ओळ जेथे मिळतात ती चौकट. B रकान्यातील पहिल्या ओळीची चौकट म्हणजे B1.

कागदाच्या वहीत बेरीज पानाच्या तळाशी असते. येथे ती वर ठेवावी. कारण खाली ओळी वाढत जातात, आणि तळाशी बेरीज ठेवली तर नवी ओळ बेरजेच्या खाली पडून हिशेबातून सुटण्याची भीती असते. पहिल्या पाच ओळींत A रकान्यात शब्द व B रकान्यात आकडे याप्रमाणे लिहावे.

A1 मध्ये "दर", B1 मध्ये 366. A2 मध्ये "मागील बाकी", B2 मध्ये महिन्याच्या सुरुवातीची बाकी. A3 मध्ये "मजुरी", A4 मध्ये "नावे" आणि A5 मध्ये "आजची बाकी". सातव्या ओळीत सहा रकान्यांची शीर्षके डावीकडून लिहावीत: दिवस, तपशील, गाडीचे टन, कोयते, आमचे टन, नावे. आठव्या ओळीपासून रोजच्या नोंदी सुरू होतील.

आता सूत्रे. सूत्र नेहमी `=` या खुणेने सुरू होते आणि इंग्रजी कळफलकावरून लिहावे लागते. B3, B4 व B5 मध्ये अनुक्रमे ही तीन सूत्रे लिहावीत.

```
=B1*SUM(E8:E200)
=SUM(F8:F200)
=B2+B4-B3
```

`SUM` म्हणजे बेरीज. `E8:E200` म्हणजे E रकान्यातील आठव्या ओळीपासून दोनशेव्या ओळीपर्यंत. पहिले सूत्र आपल्या वाट्याच्या टनांची बेरीज करून तिला दराने गुणते. दुसरे खर्ची, खाडा, दवाखाना अशा नावे पडलेल्या सर्व रकमांची बेरीज करते. तिसरे मागील बाकीत नावे मिळवून त्यातून मजुरी वजा करते. खाली नवी नोंद केली की हे तिन्ही आकडे आपोआप बदलतात. अमेरिकेत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी 1979 साली वैयक्तिक संगणकासाठी व्हिसीकॅल्क हे अशा प्रकारचे पहिले पान तयार केले. एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आकडे बदलावेत, हीच त्यातील मुख्य सोय होती व आजही तीच आहे.

डिसेंबरचा हिशेब

दहा कोयत्यांची टोळी आहे. 1 डिसेंबरला गाडीचे वजन 19.460 टन भरले. आठव्या ओळीत दिवस 1, तपशील "खेप", गाडीचे टन 19.460, कोयते 10 असे लिहावे. E8 मध्ये सूत्र लिहावे.

```
=C8/D8
```

तेथे 1.946 दिसेल. याला 366 ने गुणले तर 712 रुपये होतात. ही दोन माणसांची त्या दिवसाची मजुरी झाली. दुसऱ्या दिवशी एक जोडपे आजारी पडले व नऊच कोयते होते. गाडी 18.270 टनांची भरली. 18.270 ला 9 ने भागले तर 2.030 येतात. म्हणूनच कोयत्यांचा रकाना रोज भरायचा, दरवेळी 10 धरून चालायचे नाही. E8 चे सूत्र पुढच्या ओळीत उतरवताना चौकटीवर बोट दाबून ठेवावे, `Copy` घ्यावे व खालच्या चौकटीत `Paste` करावे. ओळीचा क्रमांक ॲप स्वतःच बदलते.

तारीख पूर्ण लिहू नये, नुसता दिवसाचा आकडा लिहावा. महिन्याचे नाव पानालाच दिलेले असते.

खर्ची मिळाली की नव्या ओळीत दिवस, तपशिलात "खर्ची" आणि F रकान्यात 1500 एवढेच लिहावे. मधले तीन रकाने रिकामे राहतील. याप्रमाणे महिनाभर नोंदी केल्यावर समजा आपल्या वाट्याचे टन 46.500 झाले. खर्ची चार वेळा मिळून 6,000, दवाखान्याला मुकादमाकडून घेतलेले 700, आणि प्रत्येकी 500 प्रमाणे दोन खाड्यांचे 1,000 झाले. तर पानाच्या डोक्यावर पुढील आकडे दिसतील. मागील बाकी 72,600. मजुरी 17,019. नावे 7,700. आजची बाकी 63,281.

म्हणजे महिनाभर दोघांनी राबून उचल फिटली ती 9,319 रुपयांनी. याच गतीने जानेवारी, फेब्रुवारी व मार्च गेले तर तीन महिन्यांत सुमारे 28,000 फिटतील आणि पट्टा पडताना 35,000 च्या वर बाकी राहील. हे वहीवर बसण्याच्या दिवशी कळले तर हातात काहीच उरलेले नसते. 31 डिसेंबरला कळले तर लग्नासाठी किंवा घरबांधणीसाठी मध्येच आणखी उचल घ्यावी की नाही, आणि पुढच्या हंगामाचे बोलणे किती बाकी धरून करायचे, याचा विचार करायला तीन महिने मिळतात.

खाड्यांचे किती गेले हे स्वतंत्र पाहायचे असेल तर `SUMIF` वापरावे. तपशिलात जेथे "खाडा" हा शब्द आहे, त्याच ओळींच्या रकमा ते मिळवते.

```
=SUMIF(B8:B200,"खाडा",F8:F200)
```

नवा महिना, नवे पान

पानाच्या तळाशी त्याचे नाव असते. त्यावर दाबून `Rename` ने "डिसेंबर" असे नाव द्यावे. महिना संपला की तेथेच दाबून `Duplicate` घ्यावे. हुबेहूब दुसरे पान तयार होते. त्याला "जानेवारी" नाव द्यावे, आठव्या ओळीपासून खालच्या नोंदी पुसाव्यात व वरच्या पाच ओळी तशाच ठेवाव्यात. फक्त B2 मध्ये पुढील सूत्र लिहावे.

```
='डिसेंबर'!B5
```

डिसेंबरची अखेरची बाकी जानेवारीची मागील बाकी म्हणून येईल. पुढे डिसेंबरातील एखादी चूक सापडून ती दुरुस्त केली, तर जानेवारीचा आकडाही आपोआप दुरुस्त होतो. नोंदी पुसताना आपण डिसेंबरच्या पानावर तर नाही ना, हे आधी पानाचे नाव वाचून पाहावे. तरीही चूक झालीच तर वरच्या बाजूच्या वळलेल्या बाणावर दाबले की पुसलेले परत येते.

चुका कोठे होतात व त्या कशा ओळखाव्यात

पहिली चूक अंकांची. आपल्याला 500/- किंवा 500 रु. असे लिहिण्याची सवय असते. ॲपच्या दृष्टीने तो अंक राहत नाही, अक्षरे होतात, आणि `SUM` अक्षरे मुकाट्याने सोडून देते. चूक झाली असेही ते सांगत नाही. मराठी कळफलकावरून उमटवलेल्या अंकांच्या बाबतीतही हेच होऊ शकते. ओळखण्याची खूण सोपी आहे. अंक म्हणून धरलेला आकडा चौकटीच्या उजव्या कडेला जातो, अक्षरे म्हणून धरलेला डाव्या कडेला चिकटून राहतो. लांबलचक रकाना डोळ्यांनी तपासण्यापेक्षा एका चौकटीत पुढील सूत्र ठेवावे.

```
=COUNTA(F8:F200)-COUNT(F8:F200)
```

पहिला भाग भरलेल्या सर्व चौकटी मोजतो व दुसरा फक्त अंकांच्या चौकटी मोजतो. उत्तर 0 आले पाहिजे. 1 आले तर एक रक्कम बेरजेत धरली गेलेली नाही असे समजावे.

दुसरी चूक टिंब व स्वल्पविराम यांची. 19.460 च्या जागी 19,460 लिहिले तर ॲप ते एकोणीस हजार चारशे साठ समजते व मजुरी लाखांत जाते. ही चूक मोठी असल्यामुळे लगेच दिसते. पावतीवर वजन किलोत असेल तर ते हजाराने भागून टनांत लिहावे.

तिसरी चूक कोयत्यांची चौकट रिकामी राहण्याची. मग E रकान्यात `#DIV/0!` असे दिसते आणि त्याबरोबर वरची मजुरी व बाकी हे दोन्ही आकडेही जातात. घाबरू नये. ज्या ओळीत ही खूण असेल तेथे कोयत्यांचा आकडा भरावा. ती ओळ खर्चीची असेल तर तेथील सूत्र पुसून टाकावे.

चौथी चूक शुद्धलेखनाची. आपण एकदा "खर्ची" व एकदा "खर्चि" लिहिले तर माणसाला दोन्ही कळते, पण `SUMIF` ला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शब्दाच्या शेवटी मोबाईलने आपणहून टाकलेली मोकळी जागाही घोटाळा करते. म्हणून खर्ची, खाडा, दवाखाना या तिन्हींच्या वेगवेगळ्या बेरजा मिळवून त्या B4 शी जुळतात का ते महिनाअखेर पाहावे. आपल्या उदाहरणात 6,000, 1,000 व 700 मिळून 7,700 होतात, म्हणजे एकही नोंद सुटलेली नाही.

दोन वह्या जुळवताना

आपले पान व मुकादमाची वही यांत फरक येणारच. त्या वेळी आवाज चढवण्यापूर्वी फरकाचा आकडा पाहावा. पुष्कळदा तो आकडाच कारण सांगतो. समजा आपल्या पानावर बाकी 63,281 आहे व वहीवर 64,013. फरक 732 रुपयांचा. त्याला 366 ने भागले तर बरोबर 2 येतात. म्हणजे कोणत्या तरी एका बाजूला दोन टनांची, अर्थात वीस टनांच्या एका गाडीतील आपल्या वाट्याची, नोंद चुकली आहे. आता ज्या दिवशी गाडी वीस टनांची भरली होती तो दिवस शोधायचा व त्याची पावती पाहायची. फरक 500 चा असेल तर एक खाडा कमी-जास्त लागला असावा. फरक 1,500 चा असेल तर एक खर्ची दोनदा लिहिली गेली असावी किंवा आपल्याकडून लिहायची राहिली असावी. चूक आपल्याच पानात सापडली तर ती मोकळेपणाने मान्य करून दुरुस्त करावी. त्यामुळे पुढच्या वेळी आपल्या पानाचा शब्द मानला जातो.

फरकाचे कारण सापडलेच नाही तर बेरीज जुळवण्यासाठी एखादा जुना आकडा बदलू नये. नव्या ओळीत तपशिलात "फरक" असे लिहून रक्कम नावे टाकावी. आकडा बदलला तर फरक होता हेच पुढे कोणाला कळणार नाही.

फडावर आणि घरी

कोपीवर नेटवर्क असेलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी, गावात नेटवर्क असतानाच, फाईलच्या तीन टिंबांच्या यादीतून `Make available offline` निवडून ठेवावे. मग नेटवर्क नसतानाही नोंद करता येते व मोबाईल जाळ्यात आला की ती पुढे पोहोचते. `Share` मधून घरच्या मोबाईललाही तेच पान देता येते. आई-वडील फडावर लिहितील आणि गावी असलेली मुलगी किंवा मुलगा तेच पान पाहील. फडावर कोणाला लिहिणे जमत नसेल तर संध्याकाळी फोनवर तीनच गोष्टी विचाराव्यात: आज गाडी किती टनांची भरली, कोयते किती होते, आणि कोणाकडून काही पैसे घेतले का.

दोघांनी एकाच वेळी एकच ओळ भरू नये, नाहीतर एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर पडते. लिहिण्याचे काम एकाने करावे व दुसऱ्याने तपासावे. फाईल गूगलच्या खात्यात राहते, त्यामुळे मोबाईल फुटला तरी हिशेब जात नाही. मात्र खात्याचा पासवर्ड घरात लिहून ठेवलेला हवा.

या पानाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते आपण स्वतः लिहिलेले असते, आणि आपण लिहिलेला आकडा समोरच्यावर आपोआप बंधनकारक होत नाही. त्याला बळ येते ते पावतीने. म्हणून जेथे वजनाची पावती पाहायला मिळते तेथे तिचा मोबाईलवर फोटो काढावा, खर्ची मिळाली त्या दिवशीच नोंद करावी, आणि महिनाअखेर B5 चा आकडा मुकादमाला वाचून दाखवून साध्या वहीत तारखेसह उतरवावा व त्यावर दोघांची सही घ्यावी. पाच महिन्यांचा वाद एका दिवशी मिटवण्यापेक्षा दरमहा एका महिन्याचा फरक मिटवणे दोन्ही बाजूंना सोपे जाते.

आणखी एक गोष्ट. कोयता दोघांचा असतो, पण बहुतेक ठिकाणी हिशेब पुरुषाच्या नावावर चालतो. पानाच्या वर "कोयता" असे लिहून त्यापुढे दोघांचीही नावे लिहावीत. 46.500 टनांतील निम्मे टन तिने तोडून व मोळ्या वाहून मिळवलेले आहेत, हे त्या पानावर दिसले पाहिजे.

येत्या दसऱ्यापूर्वी घरातील विद्यार्थ्यांनी "नोव्हेंबर" नावाचे पान तयार करून त्यात दर व उचल लिहून ठेवावी. पहिली खेप काट्यावर गेली की त्याच रात्री आठवी ओळ भरली जाईल.